मुक्कामी गाडीचा संसार

आई, बाबा, लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा!

या वेळी रात्री बाराला फोन केला नाही. गेल्या वर्षी इथे श्टुटगार्टमध्ये साडेआठला जेवण उरकून हौसेने लावला, तेव्हा तिकडे बारा वाजले होते. बाबांनी फोन उचलून "हॅलो" म्हणायच्या ऐवजी "कोण गेलं?" असं विचारलं. माझं आता स्पष्ट मत झालंय, बाराचे फोन आणि ऑनलाइन केक ही आम्हा परदेशातल्या मुलांची हौस. आईबापांची त्यात झोपमोड तेवढी होते.

लोक मला विचारतात, आईवडील इतके लांब, करमतं कसं त्यांना? त्यांना काय सांगू, आमच्या घरात लांब राहणं बाबांच्या ड्युटीपासून सुरू झालंय. बाबा एसटीत कंडक्टर. पाटणहून संध्याकाळी मुक्कामी गाडी घेऊन डोंगरातल्या गावात जायचे, रात्री पैशाची बॅग उशाखाली घेऊन गाडीतच झोपायचे आणि सकाळची पहिली फेरी घेऊन परत. आई डबा द्यायची तो दोघांचा, कारण ड्रायव्हरकाका एकटे होते. भाकरी, खरडा आणि कोरडं पिठलं. पातळ भाजी घाटात सांडते, हे ती लग्नानंतर आठवड्याभरात शिकली म्हणे.

तेव्हा घरी फोन नव्हता. अचानक ड्युटी बदलली की बाबा पाटणला येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप द्यायचे. मी दुसरीत असताना नेमक्या लग्नाच्या वाढदिवशी असंच झालं. आईने पुरणाचा घाट घातलेला. संध्याकाळी दारात एक अनोळखी खाकी शर्ट उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, आज मुक्काम पडला, वाट बघू नका." आई काही बोलली नाही. त्या काकांना आत बसवून आधी त्यांनाच पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. डबा नेहमी रिकामा यायचा, त्या दिवशी करवंदांनी भरलेला होता. वरची चिरडून झाकण जांभळं झालेलं. बाबा एवढंच म्हणाले, "गोड आहेत." आईने एक तोंडात टाकलं आणि म्हणाली, "आंबट आहेत." दोघं हसत सुटले. मला तेव्हा काही कळलं नाही.

नंतर तिकिटांची मशीन आली, घरात फोन आला, बाबा रिटायर झाले. आता चोवीस तास एकमेकांसमोर असतात आणि टीव्हीच्या रिमोटवरून भांडतात. भांडा. मुक्कामाच्या रात्रींची बाकी बरीच आहे.

बाबा, गुडघ्याचं निमित्त न सांगता बाजारात जा, करवंदं आली असतील. आई, तू आंबटच म्हण.

आज ऑफिसातून लवकर निघतेय. तुमच्या रात्री आठला व्हिडिओ कॉल करते. आणि बाबा, फोन जरा खाली धरा. दर वेळी तुमचं नुसतं कपाळ दिसतं आणि मागे पंखा.