कॉन्फिडन्स ०.९ केला की खोटे इशारे थांबत नाहीत

«शेतात एक कॅमेरा लावा, त्यावर तयार योलो मॉडेल चालवा. माकड किंवा पाखरू दिसलं की भोंगा आपोआप वाजतो. खोटे इशारे आले तर कॉन्फिडन्स ०.९ करा, विषय संपला.»

शेतराखणीसाठी हा सल्ला सर्रास ऐकू येतो, पण तो भागाभागाने तपासायला हवा. योलो हे चित्रातल्या वस्तू ओळखून त्यांच्याभोवती चौकट आखणारं मॉडेल, आणि कॉन्फिडन्स म्हणजे प्रत्येक ओळखीला ते देतं तो ० ते १ मधला गुण; ठरवलेल्या उंबरठ्याखालची ओळख सोडून दिली जाते. आधी तयार मॉडेलचं पाहू. योलोची जी फाइल सगळे उतरवून घेतात, ती सहसा कोको या चित्रसंचावर शिकवलेली असते. त्यात ८० वर्ग आहेत. पक्षी आहे, कुत्रा, गाय, अस्वल आहे, अगदी जिराफही आहे, माकड नाही. म्हणून माकड समोर आलं की मॉडेल त्याला कधी कुत्रा, कधी अस्वल, तर कधी माणूस म्हणतं. ‘कुत्रा दिसला तरी वाजव’ अशी पळवाट काढली, तर राखणीचा कुत्राही भोंगा वाजवणार. आपल्याच कॅमेऱ्यातल्या चित्रांवर माकड, पक्षी, माणूस आणि कुत्रा हे वर्ग शिकवण्याला पर्याय नाही.

दुसरं, ‘दिसलं की’. किती दिसतं, हे आधी मोजावं. ६० अंश रुंद बघणारा कॅमेरा ३० मीटरवर सुमारे ३५ मीटरचा पट्टा टिपतो. १९२० पिक्सेलच्या चित्रात एका मीटरला ५५ पिक्सेल येतात. अर्धा मीटर उंचीचं माकड २७-२८ पिक्सेलचं होतं, पण मॉडेल चित्र ६४० पिक्सेलवर आणतं तेव्हा त्याचे जेमतेम ९ उरतात. १५ सेंटिमीटरच्या पाखराचे तर तीनच. मग ते ‘दिसत नाही’ यात मॉडेलचा काय दोष? उपाय असा: माकडं ज्या बाजूने उतरतात तो बांधाचा पट्टाच मूळ चित्रातून कापायचा, त्याचे एकमेकांवर थोडे चढणारे ६४० चे चार तुकडे करायचे आणि तेवढेच मॉडेलला द्यायचे. काम चौपट होतं, पण आकार मूळचाच राहतो. लहान पाखरांना तेही पुरत नाही. तिथे अरुंद कोनाची लेन्स लागते.

आता ०.९. हा आकडा म्हणजे ‘नव्वद टक्के खात्री’ नव्हे. पिकात अर्धं दडलेलं खरं माकड ०.४५ वर अडकू शकतं आणि समोरचं काळं खोड सकाळच्या तिरप्या उन्हात ०.९२ मिळवू शकतं. उंबरठा वर नेला की आधी गळतात ती दूरची खरी माकडं. आठवडाभर भोंग्याची वायर काढून ठेवा, ०.२ च्या वरची प्रत्येक ओळख चित्रासह साठवा आणि हाताने खरी-खोटी वेगळी करा. खोड, लोंबणारं पान, पाण्याची पिशवी असली खोटी चित्रं रिकाम्या लेबलसह, म्हणजे ‘इथे काहीच नाही’ असं सांगून, पुन्हा शिकवणीत घाला. तपासणीची चित्रं मात्र वेगळ्या दिवसांची ठेवा. एकाच दृश्याच्या शेजारच्या फ्रेम दोन्हीकडे गेल्या तर निकाल खोटाच चांगला दिसतो.

खोटे इशारे खरे घटतात ते वेळ आणि हालचाल यांच्या जोडीने. ‘सलग तीन फ्रेममध्ये दिसलं तर वाजव’ हा नेहमीचा सल्ला अर्धवट आहे, कारण खोड प्रत्येक फ्रेममध्ये तसंच फसवतं. सेकंदाला ५ फ्रेम तपासत असाल, तर गेल्या १० पैकी ६ मध्ये ओळख हवी, शिवाय चौकटीचा मध्य पहिल्या ठिकाणापासून स्वतःच्या उंचीइतका तरी सरकलेला हवा. इथे `hits` म्हणजे गेल्या १० फ्रेममधल्या ओळखींचे मध्य, `box_h` म्हणजे चौकटीची उंची:

```python
if len(hits) >= 6 and dist(hits[0], hits[-1]) >= box_h:
    track.moved = True
```

खोड सरकत नाही. पान हलतं, पण परत जागेवर येतं, त्यामुळे त्याचं निव्वळ अंतर सहसा थोडंच राहतं. माकड एकदा सरकलं की `moved` खूण त्या माकडाच्या `track` नोंदीवर कायम ठेवायची, नाहीतर खाली बसून खाऊ लागलेलं माकड सुटेल. वाऱ्यात सगळ्याच चौकटी एका दिशेने सरकल्या, तर कॅमेऱ्याचा खांब डुलतोय; तिथे कोड नव्हे, खांब आवळावा.

रात्रीचं थोडक्यात: माकडं आणि दाणे टिपणारी पाखरं दिवसाच येतात. रात्री इन्फ्रारेड दिव्याभोवतीचे किडे आणि लेन्सवरचं जाळं तेवढं भोंगा वाजवतं. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी चालू, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद.

राहिला ‘आपोआप वाजतो’ हा भाग. प्रत्येक ओळखीला तोच आवाज आला की प्राणी सरावतात, आणि विनाकारण वाजलेला भोंगा तो सराव आणखी लवकर घडवतो. आवाज ५ ते ८ सेकंदच वाजवा, प्रत्येक वेळी वेगळा निवडा आणि दोन वेळांमध्ये किमान मिनिटभर जाऊ द्या. चित्रात माणूस असेल तर भोंगा अडवा. कामावरच्या माणसाच्या कानाशी तो वाजायला नको. आवाज सुरू झाल्यापासून माकड चित्राबाहेर जाईपर्यंतचे सेकंद नोंदवत राहा. हा आकडा दिवसागणिक वाढू लागला, तर ओळख ठीक असूनही आवाज शिळा झाला आहे; तेव्हा मॉडेलला हात न लावता भोंग्याची जागा बदला, नाहीतर पाण्याचा फवारा जोडा.