त्या फोटोतली बाटली मी पुसली होती

आज दुपारी एका पोराचा मेसेज आला. आपल्या ट्रेकच्या ग्रुपमधलाच, नवीन आहे, मला दादा म्हणतो. "दादा, तुझा फोटो बघून आम्ही सहाजण गेलो होतो रविवारी. वर केवढा कचरा रे! तुझ्या फोटोत काहीच नव्हतं, म्हणून गोळा करायला पिशव्यापण नाही नेल्या." आणि पुढे एक हसरा चेहरा. त्या हसऱ्या चेहऱ्यानं दुपारपासून डोकं फिरवलंय माझं.

फोटो आठवत असेल तुम्हाला. मागच्याच महिन्यात टाकला होता. माथ्यावर रचलेली दगडांची रास, शेजारी मी पाठमोरा, खाली ढगच ढग, नुकतं उगवलेलं ऊन. चारशे बारा लाइक. "किती स्वच्छ जागा", "असं काही अजून शिल्लक आहे हे बघून बरं वाटलं", असल्या कॉमेंट. प्रत्येकाला हात जोडून धन्यवाद म्हटलं होतं मी.

तर सांगून टाकतो. त्या फोटोत कचऱ्याचे सात तुकडे होते. डावीकडे खाली पाण्याची एक बाटली, अर्धी भरलेली, म्हणूनच वाऱ्यानं उडून गेली नव्हती. तिच्या मागे दुसरी, चेपलेली. खाऊची तीन चकचकीत पाकिटं, एक फाटका हातमोजा, आणि राशीच्या दोन दगडांमध्ये कोंबलेला ओला टिश्यू, वेट वाइप म्हणतात तो. हे सगळं मी रात्री अंथरुणात पडून बोटानं पुसलं. चाळीस मिनिटं लागली.

तिथं वर असताना वाकून उचलायला पाच मिनिटं लागली असती. सगळं मिळून वजन किती? बाटलीतलं पाणी ओतून टाकलं तर शंभर ग्रॅमच्या आसपास. एव्हरेस्टवर नेपाळनं २०१४ मध्ये नियम केला, प्रत्येक गिर्यारोहकानं आठ किलो कचरा खाली आणायचा. आणि आम्ही इथं शंभर ग्रॅमला वाकत नाही, कारण ऊन चढायच्या आत फोटो हवा!

हो, वारा होता, बोटं गारठली होती, उतरायला उशीर होत होता. हे सगळं खरं आहे. चाळीस मिनिटंही खरीच आहेत.

कसं पुसतात ते ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे. बाटलीवर बोट फिरवलं की फोन आजूबाजूचा दगड तिथं भरतो. छोट्या पाकिटांना तेवढं पुरलं. मोठ्या बाटलीच्या जागी मात्र नुसता राखाडी लगदा झाला, मग दुसऱ्या ॲपमध्ये बाजूच्या दगडाचा तुकडा उचलून तिथं चिकटवला. असा तुकडा चिकटवला की तोच पोत फोटोत दोनदा येतो. माझ्या फोटोत दगडफुलाचा एक पांढरा ठिपका आहे, त्याला बोटभर अंतरावर जुळा भाऊ आहे. चारशे बारा माणसांपैकी एकालाही दिसला नाही. मलाही आजच दिसला.

आणि सावली. उगवतीचं ऊन आडवं येतं, सावल्या लांबच लांब पडतात. बाटली मी पुसली, सावली राहिली. पाण्यानं अर्ध्या भरलेल्या पारदर्शक बाटलीची सावली दगडासारखी गच्च काळी नसते, तिच्या मधोमध उजेडाची एक रेघ असते. माझ्या 'निर्मळ' फोटोत मोकळ्या कातळावर तशी रेघवाली सावली पडलीय. कशाची पडलीय ते कुणी विचारलं नाही.

आता कुणीतरी म्हणणारच, अरे फोटो कोण एडिट करत नाही? बरोबर आहे. उजेड वाढवतो, क्षितिज सरळ करतो, मीही करतो आणि करत राहणार. दोन पावलं उजवीकडे सरकून बाटली चौकटीबाहेर ठेवली असती तर ते खोटं ठरलं असतं का, याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. पण जे होतं ते नव्हतंच असं दाखवणं वेगळं. २०१३ मध्ये सीरियात काढलेल्या एका फोटोतून एका छायाचित्रकारानं कोपऱ्यातला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसला. नुसता कोपरा, बातमीशी त्याचा संबंधही नव्हता. नंतर त्यानं स्वतःच संपादकांना सांगितलं, तरी एपी या वृत्तसंस्थेनं त्याच्याशी संबंध तोडले. पुलित्झर पुरस्कार मिळालेल्या चमूतला माणूस होता तो. मी काही बातमीदार नाही, मान्य. पण आपल्या ग्रुपमध्ये लोक एकमेकांचे फोटो बघूनच ठरवतात की कुठं जायचं आणि सोबत काय न्यायचं. त्या सहाजणांनी माझा फोटो बातमीसारखाच वाचला आणि पिशव्या घरी ठेवल्या.

दुसरा मुद्दा जड जातोय, पण लिहितो. कचऱ्याचे फोटो सारखे टाकले की लोकांना वाटतं सगळेच टाकतात, आपण टाकलं तर काय बिघडलं. यात तथ्य आहे. ठीक आहे, रोज टाकू नका. पण म्हणून पुसायचं?

मला सगळ्यात जास्त छळतोय तो ओला टिश्यू. बाटली टाकणारा निदान बिनधास्त टाकून गेला. टिश्यूवाल्यानं तो नीट घडी करून दोन दगडांमध्ये सारला होता, दिसू नये म्हणून. त्याला बहुधा वाटलं असेल, कागदच आहे, पावसात विरघळेल. पण बऱ्याच ओल्या टिश्यूंमध्ये पॉलिएस्टरचे धागे असतात, ते पावसात भिजतात आणि तिथंच राहतात. फोटो पुसताना मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. आज कळतंय की त्यानं दगडानं केलं तेच मी बोटानं केलं. त्याला निदान चाळीस मिनिटं तरी लागली नसतील.

संध्याकाळी मूळ फोटो शोधला. लाज वाटून डिलीट केला होता, पण फोनच्या ट्रॅशमध्ये तीस दिवस राहतो. सव्वीस झाले होते. परत आणला आणि पहिल्यांदा नीट झूम करून बघितला. सात नाहीत, आठ आहेत. माझ्या बुटापाशी पाकिटाचा फाडलेला कोपरा पडलाय, नखाएवढा, हिरवा. हे तुकडे सगळ्यात वाईट. पाकीट आपण खिशात ठेवतो आणि कोपरा वाऱ्यावर जातो. म्हणूनच जाणते ट्रेकर कोपरा पूर्ण फाडत नाहीत, लोंबता ठेवतात. माझ्या बॅगेत त्या दिवशी हिरवी पाकिटं होती. तो माझाच आहे असं नाही म्हणत. माझा नाही असंही म्हणवत नाही.

जुना फोटो काढून टाकत नाहीये. तिथंच खाली कॉमेंटमध्ये मूळ टाकलाय, शेजारी ठेवून बघा. दगडफुलाचा जुळा, रेघवाली सावली, हिरवा कोपरा, तिन्ही सापडतील. आणि त्या पोराला फोन केला. हसला लेकाचा. म्हणाला, "मला वाटलं तुम्ही गेल्यावर कुणीतरी टाकला असेल." मी म्हटलं, नाही रे, आधीच होता. मग दोघंही जरा वेळ गप्प.

येत्या रविवारी आम्ही दोघं चाललोय. दोन जाड पिशव्या, हातमोजे, आणि टिश्यू ओढून काढायला एक चिमटा. अजून कुणाला यायचं असेल तर सांगा. पाच वाजता चढायला सुरुवात, उशीर करणाऱ्यासाठी थांबणार नाही.