तीस उंबरठे, मंगळवार-शुक्रवार

नोकरीसाठी उंबरठे झिजवायचे दिवस गेले म्हणतात. साफ खोटं. उंबरठे आहेत तिथेच आहेत, फक्त त्यांना आता करिअर्स पेज म्हणतात आणि झिजतं ते माउसचं चाक.

एकाच क्षेत्रातल्या तीस कंपन्यांची यादी करायची आणि ठरल्या वारी त्यांची पानं बघायची, एवढाच काय तो उद्योग. क्षेत्र घेऊ वैद्यकीय उपकरणांचं आणि काम क्वालिटी इंजिनिअरचं. कागदावर १ ते ३० आकडे घालून बसलं की पहिली अकरा नावं अशी सुटतात, की आपण या क्षेत्रातले जाणकार आहोत अशी आपलीच खात्री पटते. बाराव्या नावाला पेन तोंडात जातं. सतराव्याला आपण तिसऱ्या क्रमांकाचं नाव वेगळ्या स्पेलिंगने पुन्हा लिहिलेलं असतं.

त्यातही आठवणीतली नावं म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. कोव्हिडियन लिहावं, तर ती २०१५ सालीच मेडट्रॉनिकच्या घरी गेलेली. सेंट ज्यूड मेडिकल २०१७ मध्ये अ‍ॅबटकडे नांदायला गेली आणि त्याच वर्षाच्या शेवटी सी. आर. बार्ड बेक्टन डिकिन्सन ऊर्फ बीडीकडे. एथिकॉनचं नाव अजून माहेरचंच दिसतं, पण घर जॉन्सन अँड जॉन्सनचं. उलट २०२३ च्या जानेवारीत जीई हेल्थकेअरने वेगळी चूल मांडली, म्हणजे तिथे एकाच्या दोन ओळी होतात. म्हणून प्रत्येक नावापुढे पहिला रकाना ‘मालक कोण’ हा हवा. जागा बहुधा मालकाच्याच पानावर लागतात, आणि हा रकाना नसेल तर आपण एकच दार तीन नावांनी ठोठावत राहतो.

मोठी नावं संपली की मधली आणि छोटी शोधायची. त्यासाठी दोन विहिरी आहेत आणि दोन्ही आटत नाहीत. एक म्हणजे प्रदर्शनातल्या स्टॉलधारकांची यादी. ड्युसेलडॉर्फला दर नोव्हेंबरात भरणाऱ्या मेडिकाची यादी हजारोंची असते, तिच्यातून आपल्या उपकरणाचा प्रकार निवडून गाळायचं. दुसरी विहीर म्हणजे अमेरिकेची नियामक संस्था एफडीए हिच्या 510(k) मंजुऱ्यांच्या नोंदींतला शोध. बाजारात आणायला हिरवा कंदील मिळालेलं उपकरण, अर्जदार कंपनी आणि निर्णयाची तारीख, सगळं तिथे उघड दिसतं. एखाद्या छोट्या कंपनीचं पहिलंच उपकरण नुकतंच पार झालं असेल, तर आता उत्पादन, पुरवठादार आणि ग्राहकांच्या तक्रारी यांचं ओझं तिच्या डोक्यावर येणार आणि ते वाहायला माणूस लागणार. हा अंदाजच, पण जाहिरात लागण्याआधी करता येणारा अंदाज. फक्त संपर्काच्या जागी कधीकधी बाहेरच्या सल्लागाराचं नाव असतं. ते यादीत घालू नये, बिचारा स्वतःच काम शोधत असेल.

असं करत सत्तरेक नावं जमतात. त्यातून तीस ठेवायची, म्हणजे आठ मोठी, चौदा मधली, आठ छोटी. मोठ्यांची संख्या वाढवायचा मोह होतो, पण मोठ्यांच्या पानावर जागा शेकड्यांनी असतात आणि आपला अर्धा तास तिथेच विरघळतो. पानाचा पत्ता, मालक आणि या कामाला ती कंपनी काय म्हणते, हे तीन रकाने भरल्याशिवाय नाव यादीत पक्कं धरू नये. तिसरा रकाना फार महत्त्वाचा. एका घरी जो क्वालिटी इंजिनिअर, तोच दुसरीकडे सप्लायर क्वालिटी, तिसरीकडे डिझाइन अ‍ॅश्युरन्स आणि चौथीकडे पोस्ट मार्केट सर्व्हेलन्स. ईमेलवर येणारी सूचना शीर्षकातल्या शब्दांवर जाते, त्यामुळे ‘क्वालिटी’ एवढाच शब्द देऊन बसलेल्या माणसाला त्या चौथ्या घराची पाटी दिसतच नाही.

आता नेम. सगळ्यात हवीशी दहा दारं मंगळवारी आणि शुक्रवारी दोन्ही दिवशी. उरलेल्या वीसातली दहा मंगळवारी, दहा शुक्रवारी. म्हणजे बैठकीला वीस पानं, पानाला दीड मिनिट, एकूण अर्धा तास. वीसही पत्ते बुकमार्कच्या एका फोल्डरात ठेवले की एकदम उघडता येतात. संगणक क्षणभर दम खातो, खाऊ द्यावा. ‘आमची संस्कृती’ या दुव्यावर मात्र जाऊ नये. तिथे लॅपटॉपकडे बघून खदखदा हसणारी चार माणसं असतात, आणि ती कशाला हसताहेत हे शोधण्यात दीड मिनिटाची पंधरा होतात.

खरी मेख शून्यात आहे. पान उघडलं, ‘० जागा’ दिसलं, वहीत शून्य मांडलं, पुढे गेलो. सहा आठवडे शून्य. मग कळतं की जागा होत्या, फिल्टर मेला होता. बऱ्याच पानांवर ठिकाण आणि विभागाची निवड पत्त्यातच सांकेतिक अक्षरांत साठते. कंपनीने विभागाचं नाव बदललं किंवा जाहिरातींची प्रणालीच बदलली की आपला जपलेला पत्ता अस्तित्वात नसलेल्या विभागातल्या जागा मागतो, आणि पान अत्यंत नम्रपणे शून्य सांगतं. चूक झाली असं म्हणत नाही, हीच त्याची लबाडी. म्हणून वहीत दर वेळी दोन आकडे लिहावेत, फिल्टर काढून दिसणाऱ्या एकूण जागा आणि त्यातल्या आपल्या कामाच्या. ‘४१२ पैकी ०’ हे खरं शून्य. गेल्या खेपेला ४१२ होत्या आणि आज एकूणच ०, तर पान बिघडलंय. एकूण ४१२ च आहेत, पण आपल्या नेहमीच्या ६ वरून एकदम ० झाल्या, तर फिल्टर तपासावा.

तिसरी नोंद जाहिरातीच्या क्रमांकाची. समजा, ४ तारखेला मंगळवारी R-20417 ही जागा दिसली. शुक्रवारी, ७ तारखेला, तीच जागा ‘आज लागली’ म्हणून सगळ्यात वर. हर्षवायू होण्याआधी क्रमांक बघावा. क्रमांक तोच आणि तारीख नवी, म्हणजे जुन्याच जाहिरातीला रंग मारलाय. मजकूर तोच आणि क्रमांक नवा, म्हणजे दुसरी खुर्ची तरी आहे किंवा जुनी भरती फसून पुन्हा सुरू झाली. ही बातमी आहे, अर्ज त्याच दिवशी करावा. तारीख दिसतच नसेल तर Ctrl+U ने पानाचा कोड उघडून त्यात datePosted शोधावं. पुष्कळ जाहिरातींत ते सापडतं. अर्थात रंग मारताना तेही बदललं जाऊ शकतं, म्हणून आपल्या वहीतली पहिल्या दर्शनाची तारीख मी जास्त खरी मानतो. आणि तोच क्रमांक तीन महिने हलला नाही, तर त्यामागे बहुधा खुर्ची नाही, नुसती अर्ज साठवायची बरणी आहे.

आठ आठवडे आपल्या कामाची एकही जागा न दाखवणारं घर यादीतून काढून बाजूच्या चाळीसांत टाकायचं आणि तिथलं एक वर घ्यायचं. काढताना मन फार कचरतं. दोन महिने ज्याच्या दारात उभे राहिलो त्याच्याशी, त्याने एकदाही कडी न काढता, आपला घरोबा झालेला असतो. अशा वेळी फिल्टर काढून एकूण आकडा शेवटचा पाहून घ्यावा. तो ठणठणीत असेल तर रद्दच करावं. उरतो तो बुधवारी रात्री अकराला पलंगावरून ‘सहज’ बघायचा रोग. त्याचं काही वहीत लिहायचं नसतं. फोनवर ते फोल्डर ठेवूच नये.