‘आय’ खरा की खोटा, हे x² + 1 = 0 वरून कसं कळणार?

पीयूसीच्या पहिल्या वर्षाला कॉम्प्लेक्स नंबरचा धडा सुरू झाला की आमच्या बेळगाव-खानापूर भागात कुठल्याही वर्गात एक तरी पोर विचारतंच, "सर, निगेटिव्हचं वर्गमूळ नसतंय म्हणून दहावीपर्यंत तुम्हीच सांगितलाय की. आता कुठनं आलं?" त्यावर मिळणारं उत्तर ठरलेलं: तसं धरून चाल, सीईटीला येतं.

माझं स्पष्ट मत आहे की पोराची शंका रास्त आहे आणि घोळ आपल्या शिकवण्याच्या क्रमात आहे. आपण x² + 1 = 0 फळ्यावर लिहितो आणि म्हणतो, याला उत्तर नाही, म्हणून ज्याचा वर्ग −1 असा i आणूया. अरे, उत्तर नाही तर नाही! त्याचा आलेख x-अक्षाला शिवतच नाही, मग ‘उत्तर नाही’ हेच खरं उत्तर झालं. शेकडो वर्षं गणितज्ञ हेच म्हणत पुढे जात होते आणि त्यात त्यांचं काहीही अडलं नव्हतं. अडलं ते घन समीकरणापाशी. म्हणून मी हल्ली सुरुवातच तिथून करतो.

फळ्यावर लिहायचं: x³ = 15x + 4. पोरं १, २, ३ घालून बघतात आणि ४ ला थांबतात. ४ चा घन ६४, आणि १५ चोक ६० अधिक ४ म्हणजे पण ६४. उत्तर चोख, पूर्णांक, कुणाला शंका नाही. आता हेच सूत्राने काढायचं. घन समीकरणाचं सूत्र इटलीतल्या कार्डानोने १५४५ साली छापलं. x³ = px + q असेल तर आधी q/2 चा वर्ग घ्यायचा आणि त्यातून p/3 चा घन वजा करायचा. इथे ते 4 − 125 = −121 येतं. मग सूत्र सांगतं:

x = ∛(2 + √−121) + ∛(2 − √−121)

वर्ग इथे गप्प होतो. ‘उत्तर नाही’ म्हणून सुटता येत नाही, कारण ४ समोर दिसतोय. सूत्र चुकीचं म्हणावं तर x³ = 6x + 9 ला तेच सूत्र बिनबोभाट ३ देतं. म्हणजे ऋण संख्येच्या वर्गमुळातून वाट काढत ४ पर्यंत पोचायलाच हवं.

ती वाट बॉम्बेलीने १५७२ साली छापून दाखवली. हा माणूस दलदलीतलं पाणी काढून जमीन कोरडी करणारा इंजिनिअर, त्यामुळे चिखलात पाय घालायला तो घाबरला नसावा. त्याने म्हटलं, ते घनमूळ 2 + √−1 असेल तर? हा ताळा मी पोरांकडूनच करून घेतो. (2 + i)² = 3 + 4i. त्याला परत (2 + i) ने गुणलं की 6 + 3i + 8i − 4, म्हणजे 2 + 11i. आणि √−121 म्हणजे 11i च. दुसरं घनमूळ तसंच 2 − i. दोन्हींची बेरीज केली की i उडून जातो आणि ४ उरतात.

इथे हुशार पोर बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवतं. मागे एका मुलीने विचारलं होतं, "पण सर, 2 + i सुचलं ते उत्तर आधी ठाऊक होतं म्हणून की. नसतं ठाऊक तर?" अगदी खरं आहे. बॉम्बेलीच्या युक्तीची मर्यादाच ती. आणि नेमकी इथेच अर्गंड प्रतलाची गरज पडते. आपण मात्र ते ‘a आडवं, b उभं, बिंदू काढा, दोन मार्क’ एवढ्यावर उरकतो.

ग्राफ पेपर घ्या. 3 + 2i म्हणजे आरंभबिंदूपासून ३ घरं उजवीकडे आणि २ वर जाणारा बाण. त्याला i ने गुणा: 3i + 2i² = −2 + 3i. नवा बाण काढून कोनमापक लावा, तो जुन्याला बरोबर काटकोनात, लांबी तेवढीच. परत i ने गुणलं की बाण पूर्ण उलटा, −3 − 2i. म्हणजे दोनदा i ने गुणणं आणि −१ ने गुणणं एकच. i² = −1 हे आता नुसतं गृहीत राहत नाही, कागदावर दिसतं.

आता 2 + i ने गुणणं. कुठलाही बाण घ्या. त्याच दिशेने त्याच्या दुप्पट चला, मग डावीकडे काटकोनात वळून मूळ बाणाएवढं एकदा चला. 2 + i काढताना आडव्या रेषेवर जो काटकोन त्रिकोण झाला होता, तोच आता बाणाच्या पाठीवर उभा राहतो. म्हणून कोनात कोन मिळतो आणि लांबीला लांबी गुणली जाते. सगळी गोम इथे आहे, त्यामुळे यावर एक आख्खा तास गेला तरी मला चालतो.

आता त्या मुलीचा प्रश्न. 2 + 11i चा बाण काढा. कोन सुमारे ७९.७ अंश, लांबी √125. घनमूळ हवं म्हणजे कोनाचा तिसरा हिस्सा, २६.६ अंश, आणि लांबीचं घनमूळ, √5. तो बाण काढला की टोक जातं २ घरं उजवीकडे, १ वर. उत्तर ठाऊक नसताना, नुसत्या कंपासपेटीने, 2 + i सापडलं! आडव्या रेषेखाली त्याचं प्रतिबिंब 2 − i. दोन बाण एकापुढे एक जोडले की टोक सरळ वास्तव संख्यांच्या रेषेवर, ४ वर येतं.

(जाता जाता: हे चित्र अर्गंडने १८०६ मध्ये छापलं, तेही स्वतःचं नाव न घालता. त्याआधी १७९७ साली वेसेल नावाच्या मोजणीदाराने हीच कल्पना डेन्मार्कच्या अकादमीत मांडली होती. लेख डॅनिशमध्ये, त्यामुळे जवळपास शंभर वर्षं कुणी वाचलाच नाही. आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.)

एवढ्यावर थांबू नका. ७९.७ अंशात एक पूर्ण फेरी, ३६० अंश, मिळवली तरी बाण तोच राहतो. पण तिसरा हिस्सा वेगळा निघतो, १४६.६ अंश. आणखी एक फेरी घातली की २६६.६. म्हणजे घनमुळं तीन, एकमेकांपासून १२० अंशांवर. प्रत्येकाला त्याच्या प्रतिबिंबाशी जोडा: पहिलं ४ देतं, दुसरं सुमारे −३.७३, तिसरं −०.२७. समीकरणाची तिन्ही उत्तरं हातात. पोरं हमखास चुकतात ती जोडी लावताना. पहिल्या बाणाला दुसऱ्याचं प्रतिबिंब जोडलं की बेरीज रेषेवर न येता वर किंवा खाली भरकटते. तसं दिसलं की जोडी बदलायची.

"पण ४ तर आम्हाला सूत्राशिवायच मिळालं होतं" असं कुणी अडून बसलं, तर त्याला x³ = 3x + 1 द्या. इथे कुठलाही पूर्णांक किंवा अपूर्णांक चालत नाही. तिन्ही उत्तरं वास्तव आहेत, तरी फक्त वास्तव संख्यांची वर्गमुळं-घनमुळं घेऊन ती लिहिताच येत नाहीत, हे सिद्ध झालेलं आहे. मध्ये i लागतोच. सूत्रातून येणारा बाण १ लांबीचा, ६० अंशांवर. तिसरा हिस्सा २० अंश. त्याच्या टोकाचं आडवं अंतर मोजा, दुप्पट करा: सुमारे १.८७९. आता याचा घन करून ताळा घ्या, कॅल्क्युलेटर चालेल.