निकाल लागू द्या, मग बघू की

यंदा ज्यांच्या घरी बारावी आहे, त्यांच्यासाठी हा सल्ला, आणि तो फुकट आहे. निकालाच्या दिवशी पहिलं काम मोती चौकातून कंदी पेढे आणायचं. दुसरं, गावच्या स्टँडवर पोराचा फोटो असलेला फ्लेक्स लावायचा. तिसरं काम नाही. प्रवेशाच्या तारखा, कागद, फी ही सगळी पोराच्या मामाची जबाबदारी असते.

मामा म्हणजे मी. भाचा इंजिनिअरिंगला, दाजी कोरेगाव तालुक्यात, आणि साताऱ्यात स्कूटर असलेला नातेवाईक मी एकटाच.

तर सल्ला असा. तारखांची वही घालू नका. तारखा व्हॉट्सॲपवर येतातच. तिथं मागच्या वर्षीचं वेळापत्रकसुद्धा येतं, तेही भक्तिभावानं पुढं पाठवा.

मुदत संपत आली तरी हलू नका, मुदतवाढ मिळतेच.

आधारला जोडलेला मोबाईल नंबर २०१४ सालच्या बंद सिमचाच राहू द्या, म्हणजे ओटीपीचा त्रास नाही.

आता दाखल्यांचं. हे नीट ऐका, कारण यात दाजींचा हात कुणी धरणार नाही. नॉन क्रिमीलेअर दाखला फेब्रुवारीतच काढून ठेवा. लवकर काढला म्हणून चारचौघांत सांगा. मग तो लॅमिनेट करून कपाटात ठेवा आणि जुलैपर्यंत त्याच्याकडं बघू नका. चुकून बघितलाच, तर खालच्या ओळीत लिहिलेलं असतं की हा दाखला ३१ मार्चपर्यंत वैध आहे. कुठला ३१ मार्च? येणारा. फेब्रुवारीत जन्मला, मार्चअखेर वारला. दीड महिन्याचं आयुष्य, त्यावर लॅमिनेशनचा खर्च वेगळा.

दाखल्याचं वय काढल्या दिवसापासून मोजत नाहीत, आर्थिक वर्षावर मोजतात. आणि प्रवेशाला तो पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत जिवंत लागतो. म्हणजे एक वर्षाचाच दाखला असेल तर तो एप्रिल उजाडल्यावर काढायचा. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे जोडले तर तीन वर्षांपर्यंतचाही मिळतो. दाजींनी एकाच वर्षाचा पुरावा जोडला होता, कारण सेतूवाला म्हणाला, "चालतंय."

चाललं नाही. कागद तपासणीत अर्ज परत आला आणि शेवटच्या तारखेला चार दिवस उरले होते. आता चार दिवसांत काय काय करायचं ते बघा. आधी तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल. त्यावर तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, ज्याला सरकारी हिशेबानंच पंधरा दिवस. तो हातात आला की मग नॉन क्रिमीलेअरचा अर्ज, जो प्रांतांच्या सहीपर्यंत टेबलं चढत जातो. तलाठी त्या दिवशी दुसऱ्या सजाला होते. एका दिवशी सर्व्हर बंद. बाहेर जुलैचा पाऊस, आत रांग, आणि रांगेत प्रत्येकाच्या हातात एक लॅमिनेट केलेला मेलेला दाखला. उत्पन्नाचा दाखला कसाबसा हातापाया पडून निघाला, पण नॉन क्रिमीलेअर काही चार दिवसांत होणार नव्हता.

तरी सोय होती. दाखल्यासाठी अर्ज केल्याची पावती जोडली तरी फॉर्म मागास प्रवर्गातून घेतात. फक्त मूळ दाखला सूचनेत दिलेल्या तारखेच्या आत चढवायचा, नाहीतर पोरगा खुल्या प्रवर्गात. पावती जोडली, मी घरी येऊन झोपलो. दाजींना एवढंच म्हणालो, दाखल्यावर लक्ष ठेवा.

दाजींनी ठेवलं. कशावर? फोनवर. सेतूवाला फोन करणार होता म्हणे. पावतीवर अर्ज क्रमांक छापलेला असतो. तो पोर्टलवर टाकला की अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते घरबसल्या दिसतं, आणि सही झाली की डिजिटल सहीचा दाखला तिथूनच उतरवून घेता येतो. गुरुवारी सही झाली होती. शनिवारी संध्याकाळी मुदत संपली. सोमवारी दाजी तालुक्याला गेले, चहा प्यायले, दाखला घेतला आणि मला फोन करून म्हणाले, "झालं बघा काम!"

अंतिम गुणवत्ता यादीत भाच्याच्या नावापुढं OPEN लिहिलेलं होतं. दाखला तयार होता. दोन दिवस तयार होता. सरकारनं उशीर केला असता तर शिव्या द्यायला कुणीतरी असतं, इथं तेही नाही. कराडच्या सरकारी कॉलेजचा पर्याय त्यानं पहिला टाकला होता. मिळालं घरापासून लांबचं, जास्त फीचं.

शिष्यवृत्तीलाही हीच पद्धत ठेवा. महाडीबीटीवर अर्ज टाकला की विसरून जा. कॉलेजच्या लॉगिनवरून तो त्रुटी दाखवून परत पाठवतात, पण ते आपण उघडून बघितलं तरच कळतं. आणि पैसे कुठल्या खात्यात येणार हे अजिबात तपासू नका. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे आधार जोडलं असं समजा. सरकारी पैसा आधारशी ज्या एका खात्याची नोंद शेवटी झाली आहे तिथंच जातो, फॉर्मवर खातं कुठलं लिहिलं याला किंमत नाही. आमच्याकडं तो पोराच्या आठवीतल्या खात्यात गेला. पासबुक उंदरांनी खाल्लं होतं.

बास. आता उपरोध वगैरे जमत नाही मला. अहो, एक शंभर पानी वही लागते. एका पानावर एक कागद. तो कशावर अवलंबून आहे, कधी मरतो, अर्ज क्रमांक काय, कुणी कधी बघितला, चार रकाने. फॉर्मची शेवटची तारीख लिहून काय उपयोग? तिथून उलटं मोजत मागं या, आधी नॉन क्रिमीलेअरचे दिवस वजा करा, मग उत्पन्नाच्या दाखल्याचे पंधरा दिवस, त्याच्या मागं तलाठ्याचे, मग कळेल तुमची खरी तारीख मे महिन्यातच होऊन गेली. ऊस कधी तुटणार, टोळी कधी येणार, कारखान्याचं बिल कधी जमा होणार, हे तोंडपाठ असतं तुम्हाला. म्हशीची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवता. आणि पोराच्या वर्षभराच्या फीचा कागद सेतूवाल्याच्या फोनवर सोडता? लाज वाटत नाही? आणि ते सरकारी सूचना काढणारे, रात्री उशिरा पीडीएफ टाकून सकाळपासून मुदत मोजणारे, त्यांनाही सांगायचंय, पण ते हे वाचणार नाहीत. तुम्ही वाचताय, म्हणून तुम्हाला बोलतोय.

परवा दाजींचा फोन आला होता. धाकटी यंदा बारावीला आहे.

"मागच्या वेळंसारखं नको व्हायला," दाजी म्हणाले. "आत्ताच काढून ठेवलाय नॉन क्रिमीलेअर."

महिना जानेवारी. मी विचारलं, किती वर्षांचा आहे, वैध कधीपर्यंत?

"थांबा, बघतो." कपाट उघडल्याचा आवाज आला. "खालची ओळ दिसंना हो पाव्हणं. लॅमिनेशन करताना बुडबुडा आलाय तिथं."