वीस तारखेआधीचा नकार

‘आत्या, वीस तारखेच्या आत माझ्या तीन क्लायंटचं जीएसटी भरायचं आहे आणि शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणतो, माझ्या एका क्लायंटचं टूबी जुळवून दे ना. चांगला मुलगा आहे, मागे मलाही त्याने मदत केली होती. त्याला नाही कसं म्हणू, की मन दुखावणार नाही?’

अंधेरीच्या एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात काम करणाऱ्या माझ्या पुतणीने घरच्या ग्रुपवर हे विचारले आणि मी उत्तर लिहायला घेण्याआधीच दादाने लिहिले, ‘तुझ्या आत्याला विचारू नकोस. तिकडे जर्मनीत सगळे नाहीच म्हणतात. मुंबईत माणसं लागतात. दोन तास जास्त बस आणि करून दे.’ दादाची नोकरी बँकेत झाली आणि ती चांगली झाली, त्यामुळे त्याचे म्हणणे घरात प्रमाण मानले जाते. मला मात्र त्याचा राग आला आणि हे लिहिताना तो पुरता गेलेला नाही. परदेशात राहणाऱ्या माणसाने कामाविषयी काही म्हटले की त्याला माणुसकी उरली नाही असे ठरवून मोकळे व्हायचे, ही आपल्याकडची पद्धत मला कधीच पटलेली नाही.

मी मुंबई सोडली तेव्हा जीएसटी नव्हता, व्हॅट होता. म्हणून आधी पुतणीला फोन करून काम नेमके काय आहे ते समजून घेतले. पुरवठादारांनी ११ तारखेपर्यंत आपापली विक्री दाखवायची, त्यावरून १४ तारखेला पोर्टलवर टूबी, म्हणजे क्लायंटच्या खरेदीच्या बिलांची यादी, तयार होते, आणि २० तारखेच्या आत थ्रीबी हे महिन्याचे विवरणपत्र भरायचे. टूबीमध्ये जे बिल दिसत नाही त्यावरचा कर वजा करून घेता येत नाही, म्हणून खरेदीची नोंदवही टूबीशी बिलागणिक ताडून पाहावी लागते. सगळा ताण या मधल्या पाच-सहा दिवसांत येतो. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि राहिलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज लागते, आणि ते क्लायंटला भरावे लागत असल्याने बोलणी कार्यालयाला खावी लागतात.

तिने विचारले ती १६ तारखेची सकाळ होती. १९ च्या संध्याकाळपर्यंत तिच्या हातात साधारण ३२ तास होते. दोन लहान क्लायंटना पाच-पाच तास, मोठ्याला १२, आणि सरांच्या शंका, चलनाचे फोन, तपासणी यांना सहा, असे २८ तास तिच्याच कामाला लागणार होते. उरलेले चार तास रिकामे आहेत असे कागदावर दिसते, पण शेवटच्या दिवशी पोर्टल मंदावते हे ठाऊक असलेला कोणीही ते चार तास दुसऱ्याला देणार नाही. शेजारच्या मुलाच्या क्लायंटची बिले होती सातशेच्या आसपास, म्हणजे आठ तासांचे काम, आणि दादा सांगत होता दोन तास जास्त बस. न मोजता दिलेला होकार पहिल्या दिवशी गोड वाटतो. १९ च्या रात्री दोघांचीही कामे अर्धवट असतात आणि ज्याला मदत करायची होती त्याच्याकडे दुसऱ्या कोणाला विचारायला वेळही उरलेला नसतो.

माझ्या इथल्या, श्टुटगार्टच्या कार्यालयात आम्हाला दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत फोरआनमेल्डुंग, म्हणजे विक्रीवरच्या कराचे आगाऊ विवरणपत्र, पाठवावे लागते आणि तेव्हाही टेबले भरलेलीच असतात. कोणी काही मागितले तर समोरची बाई यादीकडे पाहते, ‘या आठवड्यात नाही, मंगळवारी विचार’ म्हणते आणि मंगळवारी खरोखरच विचारता येते. दुपारी दोघी एकत्र जेवायलाही जातात. हे मी दादाला लिहिले. यात श्रेष्ठपणाचा सूर आला असेल तर येवो, कारण स्वच्छ नकाराने नाते तुटत नाही हे मी रोज पाहते.

पण मुंबईतल्या मुलीला श्टुटगार्टचे वाक्य उचलून देऊन चालणार नाही, हेही मला कळते. म्हणून मी तिला फोर्टमधल्या आमच्या जुन्या बाईंची पद्धत सांगितली. आमच्या लेखाविभागाच्या त्या प्रमुख होत्या आणि कामाच्या वाटणीतले त्यांच्याइतके कळणारे माणूस मला नंतर भेटले नाही. कोणी काम घेऊन आले की त्या आधी दोनच गोष्टी विचारत, कधीपर्यंत हवे आणि नेमके कुठे अडले आहे. मग नकार द्यायचा असेल तर पहिल्याच वाक्यात देत आणि कारण एकच सांगत. तीन कारणे सांगितली की समोरचा तिन्ही सोडवायला बसतो, असे त्या म्हणत. डोके दुखते म्हटले की गोळी मिळते, घरी लवकर जायचे म्हटले की उद्या सकाळी कर म्हणतात, आणि तिसरे कारण संपेपर्यंत नकाराचा होकार झालेला असतो. हातात असलेले काम हे एकच कारण असे आहे की ते कागदावर दाखवता येते.

पुतणीने त्या मुलाला ‘कुठे अडले आहे’ एवढे विचारले, तेव्हा काम वेगळेच निघाले. सातशेपैकी बहुतेक बिले एक्सेलमध्ये आपोआप जुळली होती. अडली होती नव्वदेक, आणि तीही दोन तऱ्हांची. काहींचे क्रमांक दोन्हीकडे वेगळ्या तऱ्हेने लिहिलेले होते, एकीकडे तिरकी रेघ आणि वर्ष तर दुसरीकडे नुसता आकडा. बाकीची बिले टूबीत नव्हतीच, कारण पुरवठादारांनी ११ तारखेपर्यंत विक्री दाखवली नव्हती. ही दुसरी बिले पुतणीने रात्रभर बसूनही जुळली नसती. ती पुढच्या महिन्याच्या टूबीत येतील, आणि त्यांच्यासाठी त्या मुलाने स्वतः क्लायंटला कळवून पुरवठादारांना फोन करायला हवेत. पहिल्या तऱ्हेसाठी मात्र पुतणीकडे क्रमांकातली चिन्हे काढून टाकणारी तयार फाइल होती.

तिने मग त्याच्या टेबलापाशी जाऊन, ग्रुपवर नाही, असे सांगितले: ‘हे जुळवणं मला २० पर्यंत घेता येणार नाही, माझे तीन क्लायंट बाकी आहेत. क्रमांक सारखे करायची फाइल आत्ता पाठवते, जेवणानंतर अर्धा तास बसून ती कशी चालवायची ते दाखवते. न दिसणाऱ्या बिलांचं आजच सरांना सांग, म्हणजे क्लायंटला आधी कळेल.’ या बोलण्यात माफी एकदाही नव्हती आणि ‘बघते, जमलं तर’ असेही नव्हते. अर्धवट उत्तर ऐकणारा ते होकार समजून दुसरीकडे विचारणे थांबवतो, आणि खरी हानी तिथे होते. अर्ध्या तासाचे वचन दिले तर ते पाळायचेही असते. तिने ते पाळले.

वहिनीचा समज असा झाला की प्रश्न सबबीचा आहे. सोसायटीच्या हळदीकुंकवाच्या तयारीला तिने गुडघे दुखतात म्हणून नाही म्हटले होते आणि त्याच संध्याकाळी दादरच्या बाजारात ती शेजारणीला दिसली. ती शेजारीण अजून नीट बोलत नाही. वहिनीच्या मते पुतणीने त्यापेक्षा चांगली सबब शोधायला हवी होती. मला तिच्या अनुभवातून उलटेच दिसते. शेजारणीला नकार सलला नव्हता, खोटे कारण सलले. दुखणे उघडे पडू शकते, तीन क्लायंटची यादी उघडी पडली तरी काही बिघडत नाही.

एक गोष्ट दादाला सांगूनही पटली नाही. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हॅनेसा लेक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मदत मागणाऱ्यांना वाटले होते त्यापेक्षा कितीतरी जास्त लोक होकार देत होते. तोंडावर नाही म्हणणे किती अवघड असते हे मागणाऱ्याच्या लक्षातच येत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे शेजारच्या मुलाने पुतणीला कोंडीत पकडले नव्हते. त्याने सहज विचारले होते, आणि नुसता स्वच्छ नकार मिळाला असता तरी बहुधा तो तितक्याच सहज पुढच्या टेबलाकडे गेला असता. दादा म्हणतो, अमेरिकेतल्या प्रयोगाने अंधेरीतला माणूस कळत नाही.

तो एका बाबतीत बरोबर आहे आणि हे मान्य करणे मला जड जाते. आपल्याकडे सद्भाव कार्यालयाच्या दारात थांबत नाही. गणपतीला गावी जाणाऱ्याची २० तारीख कोणीतरी सांभाळते, उशिरा येणाऱ्याचा डबा कोणीतरी वाटून घेते. माझी आई रुग्णालयात होती तेव्हा फोर्टच्या कार्यालयात माझे काम कोणी कोणी वाटून घेतले हे मला कधी विचारावेही लागले नाही. श्टुटगार्टमध्ये असा प्रसंग आला असता तर मला फेरट्रेटुंगचा, म्हणजे बदली माणसाचा, अर्ज भरावा लागला असता, आणि तो मंजूरही झाला असता. इथे माझ्या नकाराने कोणी दुखावत नाही याचे मी कौतुक करते, पण इथल्या कोणाला माझा होकार कधी फार हवाच होता का, हा प्रश्न मला अलीकडे पडतो. इथला नकार सोपा आहे तो माणसे समंजस आहेत म्हणून, तसा तो डाउअरफ्रिस्ट ही कायमची मुदतवाढ घेतली की विवरणपत्राला महिनाभर जास्त मिळतो म्हणून आणि कामाचे तास कायद्याने बांधलेले आहेत म्हणूनही आहे. अंधेरीत २० तारीख हलत नाही. तिथे पुतणीला जो नकार द्यायचा होता तो माझ्यापेक्षा अवघड होता, आणि तरीही तो द्यायला हवा होता असेच मी म्हणेन.

सरांनीच ते काम तिच्याकडे सरकवले असते तर काय, असे तिने विचारले. तेव्हा नाही म्हणायचे नाही; तीन क्लायंटची यादी तासांसह समोर ठेवून ‘यातलं कोणतं मागे सारू’ असे विचारायचे. निर्णय ज्याचा आहे त्याच्याकडे तो जातो. आणि शेजारचा मुलगा आजारी असता, घरी काही घडले असते, तर तिनेच आधी सरांकडे जाऊन स्वतःचा एक लहान क्लायंट पुढे ढकलता येतो का हे पाहिले असते. दर महिन्याला १६ लाच येणारा माणूस असेल तर अर्ध्या तासाची फाइलही पुन्हापुन्हा देता येणार नाही, तेव्हा त्याच्याशी २१ तारखेला, शांतपणे, वेगळे बोलावे लागेल. हा मुलगा त्यातला आहे का, हे अजून कळलेले नाही.

२१ ला तिने त्याला विचारले. त्याचे २० च्या दुपारी भरून झाले होते, तीन पुरवठादार पुढच्या महिन्यावर गेले होते. तो नेहमीसारखा बोलला, पण चहाला एकटाच गेला, असे ती म्हणते. दादाच्या मते यातच सगळे आले. मला वाटते, थकलेला माणूस एकटा चहा पितो. खरी परीक्षा पुढे आहे: गणपतीला तिला कणकवलीला जायचे आहे आणि तिची २० तारीख त्यालाच सांभाळायला सांगावी लागेल. मी तिला सांगितले आहे की महिन्याच्या ५ तारखेच्या आत विचार, किती क्लायंट आणि किती तास ते आकड्यांत सांग, आणि त्याने नाही म्हटले तर दुसरे नाव सरांकडे तयार ठेव. तो हो म्हणेल की नाही यावर दादाचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही.