शाकाहारी रुग्ण आला म्हणून टीनिया सोलियम खोडू नका

«कृमींचा तक्ता पाठ करत बसू नका. फुफ्फुसातून प्रवास करणारा कृमी त्वचेतूनच शिरतो. ज्यांची अंडी पोटात जातात त्यांच्यात ताजं अंडंच संसर्ग देतं. टेपवर्म फक्त मांसातून होतो, म्हणून रुग्ण शाकाहारी दिसला की टीनिया सोलियम खोडा.»

परीक्षेच्या आठवड्यात हा मेसेज दरवर्षी फिरतो आणि चांगल्या अभ्यासू मुलांचे गुण घालवतो. म्हणून एकेक वाक्य घेऊन लिहितो.

फुफ्फुसाबद्दलचं वाक्य हुकवर्म आणि स्ट्राँगिलॉइडिसच्या बाबतीत बरोबर निघतं, म्हणूनच ते पटतं. कैरोत काम करणाऱ्या आर्थर लूस यांच्या हातावर हुकवर्मच्या अळ्यांचं पाणी सांडलं, तिथे खाज सुटली आणि पुढे त्यांच्याच शौचात अंडी सापडली. 1898 साली त्यांनी हे मांडलं. पण ॲस्कॅरिसचं काय? 1922 साली जपानच्या शिमेसु कोइनो यांनी ॲस्कॅरिसची 2000 अंडी स्वतः गिळली आणि नंतर त्यांच्या थुंकीत अळ्या दिसल्या. अंडी तोंडातून गेली, अळी आतड्यात बाहेर पडली, रक्तातून यकृत, हृदय करत फुफ्फुसात पोचली, श्वासनलिकेतून वर आली आणि पुन्हा गिळली गेली. म्हणजे फुफ्फुस हा वाटेतला टप्पा आहे. कृमी कोणत्या दारातून आत आला, हे त्यावरून कळत नाही.

ताज्या अंड्याबद्दल थोडक्यात. ॲस्कॅरिसचं अंडं शौचातून पडतं तेव्हा आत अळी नसतेच. उबदार, ओलसर मातीत साधारण दोन ते चार आठवडे गेल्यावर ती तयार होते. पर्यायात ‘अळी असलेलं अंडं’ आणि नुसतं ‘अंडं’ असे दोन्ही दिले असतील, तर फरक इथेच आहे. पिनवर्मची मादी मात्र रात्री गुदद्वाराभोवती अंडी घालते आणि ती सहाएक तासांत संसर्गक्षम होतात. खाजवलेलं बोट तोंडात गेलं की झालं. त्यात मातीचा संबंध नाही, म्हणून घरातल्या सगळ्यांना एकदम औषध द्यावं लागतं.

आता शेवटचं वाक्य, ज्याने सर्वांत जास्त नुकसान होतं. असा प्रश्न घ्या: 26 वर्षांची, जन्मापासून शाकाहारी तरुणी. पहिल्यांदाच आकडी आली. एमआरआयमध्ये मेंदूत पाण्याने भरलेली छोटी पिशवी आणि तिच्या आत एक ठिपका. संसर्ग कशातून झाला? पर्याय: डुकराच्या मांसातला सिस्टिसर्कस, टीनिया सोलियमचं अंडं, हुकवर्मची अळी, गाईच्या मांसातला सिस्टिसर्कस.

आधी रुग्णाच्या शरीरात काय सापडलं ते बघा. तो ठिपका म्हणजे स्कोलेक्स, कृमीचं डोकं. ते पिशवीत आहे, म्हणजे मेंदूत अळीची अवस्था आहे. टीनिया सोलियमची अळी एरवी डुकराच्या स्नायूत वाढते, कारण डुकराने अंडी खाल्लेली असतात. इथे डुकराची जागा या तरुणीने घेतली आहे. म्हणजे तिच्या पोटात अंडी गेली. उत्तर दुसरा पर्याय.

अर्धकच्चं डुकराचं मांस खाणाऱ्याला काय होतं? मांसातला सिस्टिसर्कस लहान आतड्यात उघडतो, डोकं भिंतीला चिकटतं आणि काही मीटर लांबीचा टेपवर्म वाढतो. मेंदूत काही जात नाही. पण या माणसाच्या शौचातून पडणारी अंडी लगेच संसर्गक्षम असतात. हात न धुता त्याने कोशिंबीर चिरली, तर ती कोणाच्याही पोटात जातील, शाकाहाऱ्याच्याही आणि त्याच्या स्वतःच्याही. डुक्कर वर्ज्य मानणाऱ्या न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू कुटुंबांत मेंदूतल्या सिस्टिसर्कोसिसचे चार रुग्ण सापडले होते. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या त्या तपासात रोख घरकाम करणाऱ्या, टेपवर्म असलेल्या व्यक्तींकडे गेला.

चौथा पर्याय का चुकला? गाईच्या मांसातल्या सिस्टिसर्कसमुळेही आतड्यात टेपवर्मच होतो. शिवाय टीनिया सॅजिनाटाच्या अंड्यांतून माणसात सिस्टिसर्कोसिस होत नाही. दोन्हींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात, म्हणून शौचतपासणीच्या अहवालात फक्त ‘टीनियाची अंडी’ असं लिहिलेलं असतं.

हाच हिशोब हायडॅटिड गाठीला लावून बघा. यकृतात अळीची अवस्था आहे, म्हणजे कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी गिळली गेली. हायमेनोलेपिस नाना मात्र या हिशोबात बसत नाही. तिथे माणूस अंडंच गिळतो, अळी आतड्याच्या आवरणात वाढते आणि मोठा कृमीही त्याच आतड्यात तयार होतो. तो वेगळा लक्षात ठेवावा लागतो.